‘वंडर्ड’वर मारलेला लाल गोल

महाबळेश्वरच्या हॉटेलांत फ्रंट ऑफिसला लागायचं म्हणून साताऱ्यात एका क्लासमधून कोर्स केला. लेखी, कॉम्प्युटर, बिलिंग, सगळं सहज पार पडलं. अडलं ते तोंडी परीक्षेच्या फेरतपासणीत, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

प्रसंग असा होता: पाहुण्याने फॉर्ममध्ये गाडीचा नंबर लिहिलेला नाही, तो मागायचा. मी म्हणालो, “आय वंडर्ड इफ यू कुड फिल इन धिस पार्ट, सर.” गुणपत्रिकेत ‘वंडर्ड’भोवती लाल गोल आणि शेरा, “विनंती आत्ताची, काळ भूतकाळ का?”

अर्ज दिला, तर “मॅडम आल्या की बघू.” मॅडम आल्या, तर गुणपत्रिका कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडे. शेवटी गाठ पडली तेव्हा मी क्लासचंच हँडआउट पुढे केलं. त्यात “कुड यू प्लीज” होतं. म्हटलं, “मॅडम, ‘कुड’ तरी ‘कॅन’चा भूतकाळच ना? तो आत्ताच्या विनंतीला चालतो, मग ‘वंडर्ड’ का नाही?” इथे भूतकाळ वेळ सांगत नाही, मागणी एक पाऊल मागे घेतो, समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. आपणही “साहेब, जरा काम होतं” म्हणतो, तेव्हा कधी होतं, असं कोणी विचारत नाही. “आय वॉज वंडरिंग” तर त्याहून मऊ.

मॅडम बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “मग ‘आय आस्क्ड यू टु फिल’ पण चालेल?” नाही चालणार. ते खरंच आधी सांगितल्यासारखं वाटतं, वर टोचतंही. ही सोय वंडर, होप, वाँट, थिंक अशा मनातल्या क्रियापदांना आहे. गुण वाढले, पण शेऱ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

परीक्षेला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. पाहुणा “कुड आय हॅव अ लेट चेकआउट?” म्हणाला, तर उत्तर “येस, यू कुड” नाही. परवानगी देताना “येस, ऑफ कोर्स यू कॅन.”

आणि हो, चेकआउटचं विचारताना “विल यू चेक आउट टुमॉरो?” म्हटलं, तर निघाच म्हटल्यासारखं वाटू शकतं. “विल यू बी चेकिंग आउट टुमॉरो, सर?” यात फक्त त्यांचं आधीच ठरलेलं विचारलं जातं. “विल यू बी पेइंग बाय कार्ड?” तसंच. मात्र प्रत्येक क्रियापदाला ‘आयएनजी’ चिकटवू नका. “विल यू बी हॅविंग डिनर?” बरोबर, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे जेवणं. बुकिंग आहे का विचारताना मात्र “डू यू हॅव अ बुकिंग?”च. माझ्या शेजारच्या मुलाने तिथे “विल यू बी हॅविंग अ बुकिंग?” विचारलं होतं, आणि त्याच्यावर लाल गोल नव्हता.