नाव तीनदा, जाहिरात एकदाही नाही

वाचनालयाच्या वर्धापनदिनाचं निवेदन माझ्याकडे होतं. पडदा उघडायला तासभर असताना प्रायोजक कंपनीच्या अधिकारी मॅडमनी एक छापील कागद हातात दिला. 'अग्रगण्य', 'विश्वासार्ह', 'गुणवत्तेशी तडजोड न करणारे', आणि शेवटी घोषवाक्य. "एवढं जसंच्या तसं वाचा," त्या म्हणाल्या.

असा कागद आला की मी कंपनीच्या नावाच्या जागी तिच्या प्रतिस्पर्ध्याचं नाव घालून बघते. वाक्य तरीही तसंच चालत असेल, तर ते या मदतीविषयी काहीच सांगत नसतं. या कागदातलं एकही वाक्य टिकलं नाही.

पण कागद नुसता बाजूला सारूनही चालत नाही. देणगीदाराचे आभार कसे मानायचे ते आपल्या हातात असतं. प्रायोजकाला मात्र उल्लेख द्यायचं कबूल केलेलं असतं. कार्यवाहांकडे करार पाहिला. नामोल्लेख तीन वेळा, फलकावर बोधचिन्ह. घोषवाक्याबद्दल अक्षर नव्हतं. मग तीन जागा ठरवल्या: सुरुवात, सत्कार आणि समारोप. सविस्तर परिचय फक्त सत्काराच्या वेळी, आणि सत्कार प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाला लागून नको. लोक भाषण ऐकायला सरसावून बसले की मध्ये येणारं कोणतंही नाव त्यांना खुपतं.

मग ग्रंथपालांना गाठलं. पैसे गेले कशात? लिफ्टमध्ये. तिच्यामुळे फरक काय पडला? ते जरा थांबून म्हणाले, "जिना चढवत नाही म्हणून कितीतरी आजी-आजोबा नातवंडांच्या हाती चिठ्ठी पाठवायचे. आता स्वतः येतात आणि बंद करायची वेळ झाली तरी उठत नाहीत."

परिचय तिथेच तयार झाला. रक्कम सांगू का, असं कंपनीच्या मालकांना विचारलं. त्यांनी नको म्हटलं. 'यांच्याशिवाय हे शक्यच नव्हतं' हे पेटंट वाक्यही गाळलं, कारण लिफ्टसाठी सभासदांनीही वर्गणी काढली होती आणि ते समोरच बसले होते.

मंचावर मी म्हटलं, "इथले काही वाचक गेली काही वर्षं चिठ्ठी पाठवून पुस्तकं मागवत होते. आता ते कपाटासमोर उभे राहून, चाळून, नको असलेलं परत ठेवून पुस्तक निवडतात. त्यांना वर नेणाऱ्या लिफ्टचा मोठा खर्च ज्यांनी उचलला..." नाव आणि हुद्दा शेवटी. टाळ्या 'परत ठेवून'पाशीच सुरू झाल्या होत्या. नाव ऐकू यावं म्हणून मला थांबावं लागलं. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नाही.

समारोपाचा उल्लेख आटोपून मी माइक आभारप्रदर्शनासाठी समितीच्या एका सदस्यांकडे दिला. त्यांनी खिशातून तोच कागद काढला. मॅडमनी एक प्रत त्यांनाही दिली होती. घोषवाक्यापर्यंत पोहोचेतो मागच्या रांगा उठल्या होत्या, आणि पहिल्या रांगेत कंपनीचे मालक घड्याळ बघत होते.