फायबर शब्दसूची: उतार, पायरी आणि उलटी पायरी

फायबर टेक्निशियनसाठीच्या मराठी शब्दसूचीत या वेळी लॉसचा, म्हणजे वाटेत प्रकाश कमी होण्याचा, सगळा गोतावळा हाती घेतला. फिल्डवर एकच वाक्य चालतं, "लॉस येतोय." पण तो केबलच्या लांबीमुळे येतोय की एखाद्या जागेवर, यावर पुढचं काम ठरतं. म्हणून दोन वेगळे शब्द हवेतच.

अटेन्युएशनला पाठ्यपुस्तकातला 'क्षीणन' ठेवला, पण फक्त लांबीनुसार होणाऱ्या घटीसाठी. नोंदीत आकडाही दिला: साध्या सिंगल मोड फायबरमध्ये 1310 नॅनोमीटरला किलोमीटरमागे साधारण 0.35 डीबी, 1550 ला 0.2 च्या आसपास. ओटीडीआर म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून मागे येणारा प्रकाश मोजणारं यंत्र; त्याच्या आलेखावर क्षीणन उतारासारखं दिसतं. स्प्लाइस लॉस एकाच जागी पायरीसारखा खाली येतो. त्याला 'जोडलॉस' म्हटलंय. 'जोडहानी' जास्त शुद्ध आहे, पण खांबावर चढलेला माणूस ती म्हणणार नाही.

खरी अडचण आली ती 'गेनर'ला. काही जोडांवर ओटीडीआर पायरी वर चढलेली दाखवतो, जणू जोडाने प्रकाश वाढवला. तसं काही होत नसतं. ओटीडीआर मोजतो तो काचेतून मागे विखुरलेला प्रकाश. जोडाच्या पलीकडच्या फायबरचा मोड फील्ड व्यास, म्हणजे प्रकाश तिच्यात जेवढ्या रुंदीत पसरतो ती रुंदी, लहान असेल, तर मागे येणारा प्रकाश वाढतो आणि यंत्र फसतं. 'वाढ' किंवा 'लाभ' लिहिलं तर नवखा माणूस खूश होऊन जोड बंद करून टाकेल. म्हणून 'उलटी पायरी' लिहिलं आणि खाली उदाहरण दिलं: एका टोकाकडून मोजलं तर −0.12 डीबी, दुसऱ्या टोकाकडून तोच जोड 0.22. बेरीज 0.10, तिची निम्मी 0.05 डीबी. हा खरा जोडलॉस, आणि जोड चांगला आहे. नुसत्या 0.22 वर विसंबून तो कापला असता, तर मेहनत आणि जोडावरची स्लीव्ह दोन्ही वाया.

कनेक्टरची नावं भाषांतरित केली नाहीत. एससी, एलसी डब्यावर छापलेलं असतं, ते तसंच राहू दे. टोकाच्या प्रकारांत एपीसीपुढे मात्र 'हिरवा, टोक 8 अंश तिरकं' आणि यूपीसीपुढे 'निळा, टोक सरळ, किंचित फुगीर' असं लिहिलंय. दोन्ही एकाच अडॅप्टरमध्ये बसतात, हीच गोम आहे. एपीसी यूपीसीला जोडला की टोकं नीट टेकत नाहीत, मध्ये हवा राहते, पॉवर मीटरवर पॉवर पडते आणि त्या जागी ओटीडीआरवर उंच टोक उभं राहतं.

बेंड लॉस अजून अडलाय. 'वळणलॉस' की 'वाकलॉस'? नोंदीचा मजकूर तयार आहे: त्याच जागेवरची पायरी 1310 ला लहान आणि 1550 ला बरीच मोठी दिसली, तर जोडावर संशय घेण्याआधी फायबर कुठे करकचून वळलीय का ते बघावं. मला 'वाकलॉस' पटतो. केबल वळणावरून तर रोजच जाते, घोटाळा ती जास्त वाकली की होतो.