तुम्ही विचारलंत म्हणून: नुसत्या ‘हॅलो’चं काय करायचं

“ताई, तुम्हाला तर दिवसभर लोकांचे मेसेज येतात. नुसतं ‘हॅलो, एक विचारू का?’ लिहून जे गप्प बसतात त्यांना काय उत्तर देता?”

नुसतं ‘बोला’ लिहायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलंय. ठाण्यात नौपाड्याला माझं इन्कम टॅक्स रिटर्न भरण्याचं आणि छोट्या दुकानदारांच्या हिशेबांचं काम आहे, जुलै-ऑगस्टमध्ये फोन हातातून खाली ठेवायला मिळत नाही आणि त्यातले कितीतरी मेसेज असेच असतात, पुढे काहीच नाही.

आधी हे लोक असं का करतात ते सांगते, कारण मला वाटतं बरेच जण उगाच चिडतात. समोरासमोर किंवा फोनवर हे वाक्य अगदी बरोबर असतं. तुम्ही ‘एक विचारू का’ म्हणता, समोरचा एका सेकंदात ‘हां, विचार ना’ म्हणतो, झालं. इमॅन्युएल शेग्लॉफ नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1980 साली याच वाक्यावर एक अख्खा लेख लिहिलाय. लोकांच्या खऱ्याखुऱ्या संभाषणांची रेकॉर्डिंग्ज ऐकून त्याने दाखवलं की या वाक्यानंतर पुष्कळदा लगेच प्रश्न येतच नाही, आधी पार्श्वभूमी येते. म्हणजे माणूस खरं तर म्हणत असतो, की मला थोडी लांबण लावायचीय, प्रश्न येईपर्यंत मध्ये तोडू नका. हे वाचल्यापासून मला त्या नुसत्या हॅलोचा राग येईनासा झाला. समोरच्याला गोष्ट सांगायचीय आणि जागा हवीय. शिवाय आपल्याकडे थेट कामाचंच बोलणं उद्धटपणाचं वाटतं, विशेषतः वयाने मोठ्या माणसांना.

गडबड होते ती चॅटमध्ये. तिथे तो एक सेकंद तीन तासांचा होतो. मी ‘बोला’ लिहिणार तेव्हा तो लोकलच्या गर्दीत, त्याला दिसेपर्यंत मी क्लायंटकडे, मग तो ‘बिझी आहात का?’, मग मी ‘नाही, बोला’, आणि दिवस संपतो तरी प्रश्न काय ते कुणालाच माहीत नाही. शिवाय नुसतं ‘हो, बोला’ म्हणजे एक प्रकारे कोरा चेक, पुढे भाच्याला नोकरी निघते किंवा हातउसने पैसे निघतात आणि तुम्ही आधीच हो म्हणून बसलेले असता.

म्हणून माझ्या उत्तरात तीन गोष्टी असतात. परवानगी, मी कधी बघणार ती वेळ, आणि काय पाठवायचं ते. एकाच मेसेजमध्ये. उदाहरण देते. एकदा 25 ऑगस्टला दुपारी ऐरोलीच्या एका गृहस्थांचा मेसेज आला, ‘हॅलो मॅडम, एक विचारायचं होतं.’ कुणीतरी माझा नंबर दिलेला. मी लिहिलं, “नमस्कार, विचारा ना. आत्ता बाहेर आहे, सात वाजता बघते. कुठल्या वर्षाचं आहे, रिटर्न कधी भरलं आणि पोर्टलवर काय दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट, एवढं एकदमच पाठवून ठेवा. लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉइस नोट चालेल.” सात वाजेपर्यंत सगळं आलेलं. रिटर्न स्वतःच 28 जुलैला भरलं होतं, त्या वर्षी मुदत 31 जुलै होती, म्हणजे वेळेत, आणि प्रश्न होता रिफंड का आला नाही.

आता बघा, त्यांनी विचारलेला प्रश्न रिफंडचा, पण स्क्रीनशॉटमध्ये दिसत होतं की ई-व्हेरिफिकेशनच बाकी आहे. फॉर्म सबमिट केला आणि काम झालं समजले, खूप जणांचं असं होतं. व्हेरिफाय केल्याशिवाय रिटर्न प्रोसेसलाच जात नाही, मग रिफंड कुठून येणार. आणि त्याला भरल्यापासून 30 दिवस मिळतात, म्हणजे त्यांच्याकडे 27 ऑगस्टपर्यंतच वेळ. त्यानंतर केलं असतं तर ज्या दिवशी व्हेरिफाय केलं ती भरल्याची तारीख धरली जाते, म्हणजे रिटर्न उशिराचं झालं आणि 5000 रुपयांपर्यंत लेट फी, उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर 1000. मी लिहिलं, आधी लॉगिन करून आधार ओटीपीने व्हेरिफाय करा, तो ओटीपी मला पाठवू नका, रिफंडचं मग बघू. त्यांनी रात्रीच केलं. हेच ‘बोला’, ‘बिझी आहात का’ करत बसलो असतो तर दोन दिवस आरामात गेले असते. स्क्रीनशॉट मागायचं कारणही हेच, माणसाला जे दुखतंय ते तो विचारतो, मोडलंय कुठे ते वेगळंच असतं.

काही जण चिडून ‘डायरेक्ट प्रश्न विचारत जा’ असं लिहितात, स्टेटसलाच लावून ठेवतात. मला नाही पटत. साठीतल्या काकांना ते थोबाडीत मारल्यासारखं लागतं आणि पुढच्या वेळी ते विचारतच नाहीत, नोटीस आली तरी.

अनोळखी नंबरवरून नुसतं ‘हॅलो’ किंवा ‘हाय’ आलं तर मात्र मी फक्त ‘कोण बोलतंय, काय काम आहे?’ एवढंच लिहिते. ज्याला खरंच काम आहे तो नाव आणि काम सांगतो. ज्याला नाही तो ‘सॉरी राँग नंबर’ म्हणून वर गप्पाच सुरू करतो, तुमचा डीपी छान आहे, तुम्ही कुठे राहता, आणि काही दिवसांनी गुंतवणुकीची गोष्ट निघते. तिथेच ब्लॉक. ओळखीच्या नंबरवरून ‘एक काम होतं’ येऊन लगेच पैसे किंवा सहा आकडी कोड मागितला तर चॅटवर उत्तरच देऊ नका, साधा फोन लावून आवाज ऐका, त्याचं अकाउंट दुसऱ्याच कुणाच्या हातात गेलेलं असू शकतं. आणि पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा.

एका जागी मात्र माझा हा तीन गोष्टींवाला मेसेज मी अजिबात वापरत नाही. रात्री साडेअकराला एखादी मुलगी, जी एरवी फक्त सणाला फॉरवर्ड पाठवते, ती लिहिते ‘ताई, एक विचारू?’ मग टायपिंग दिसतं, थांबतं, परत दिसतं, मग एक मेसेज येतो आणि आपण वाचायच्या आत डिलीट होतो. तिला ‘सगळं एकदम लिहून पाठव’ सांगितलं तर संपलंच, कारण तिला ते लिहिताच येत नाहीये, किंवा घरात कुणी फोन बघेल याची भीती आहे. ती आधी अंदाज घेतेय की ही बाई ऐकेल का. तिथे मी लगेच लिहिते, “विचार गं. मी जागीच आहे आणि एकटीच आहे. फोन करू का, की इथेच बरं?” आणि फोन खाली ठेवत नाही. उत्तर नाही आलं तर दुसऱ्या दिवशी तिला एकदा साधं काहीतरी विचारते, जेवलीस का, ऑफिस कसं चाललंय, रात्रीचा विषय मी काढत नाही. काही जणी मग आठवड्याने बोलतात, एक तर थेट ऑफिसवरच आली होती, म्हणे रिटर्न भरायचंय, आणि तिला भरण्यासारखं उत्पन्नच नव्हतं.