सभा संपली, आता खरं काम

आमची घोडबंदर रोडवरची सोसायटी. 2025ची वार्षिक सभा आम्ही 21 सप्टेंबरला, सर्वपित्री अमावस्येच्या रविवारी घेतली. सचिव म्हणून माझं ते पहिलंच वर्ष. वडापाव संपले, खुर्च्या परत गेल्या, तेव्हा मला वाटलं सुटलो. खजिनदार काका म्हणाले, "आता कॅलेंडर काढ."

पहिली तारीख लेखापरीक्षकाची. शासनाच्या नामतालिकेतून त्याची नेमणूक सभेत झाली, की त्याचं नाव आणि लेखी संमती सभेपासून महिन्याभरात निबंधकांना कळवावी लागते. महिना भरत होता लक्ष्मीपूजनाला! दिवाळीत ऑफिस बंद असणार, म्हणून मी 10 ऑक्टोबरलाच अर्ज घेऊन गेलो. खिडकीवरच्या बाईंनी ठराव वाचला आणि परत दिला. आम्ही फक्त "गेल्या वर्षीचेच सीए कायम" असं लिहिलं होतं. पूर्ण नाव, तालिकेतला क्रमांक, सूचक-अनुमोदक, काहीच नव्हतं. चूक आमचीच. सभेत हे तपशील वाचून झाले होते आणि कच्च्या वहीत होते, म्हणून निभावलं. नीट उतरवलेली प्रमाणित प्रत 14 तारखेला दिली आणि पोच घेतली. पोचेवर आवक क्रमांक पाहिल्याशिवाय मी आता खिडकी सोडत नाही.

इतिवृत्ताचं गणित वेगळं. उपविधींप्रमाणे कमिटीने तीन महिन्यांत मसुदा नक्की करायचा, पुढच्या पंधरा दिवसांत तो सगळ्या सभासदांना पाठवायचा, आणि हरकतींसाठी त्यांना पंधरा दिवस द्यायचे. तीन महिने थांबलो असतो तर लेखापरीक्षकाची मुदत कधीच उलटली असती. म्हणून कमिटी पुढच्याच रविवारी बसवली आणि 5 ऑक्टोबरला मसुदा घरोघरी दिला. पुण्यात राहणाऱ्या दोन फ्लॅटमालकांना ईमेल केला.

एकच हरकत आली, पण नेमकी. मसुद्यात रंगकामाला "सुमारे 18 लाख" होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, "सभेत 'जास्तीत जास्त' म्हटलं होतं." कच्ची वही उघडली, काकू बरोबर होत्या. "सुमारे"च्या जोरावर ठेकेदाराने 20 लाखांचं बिल लावलं असतं, तर आम्ही कुठल्या तोंडाने भांडलो असतो? पुढच्या कमिटी सभेत दुरुस्ती नोंदवून इतिवृत्त वहीत पक्कं केलं.

उरलं पार्किंगच्या उपविधीतल्या बदलाचं. दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाला, तेव्हा लोकांना पुढच्याच बिलात नवा दर हवा होता. पण निबंधकांनी नोंदणी केल्याशिवाय असा बदल लागूच होत नाही. त्याचा प्रस्ताव सभेपासून दोन महिन्यांत द्यायचा असतो, तो दिवाळीनंतर दिला. नोटीस बोर्डावर लिहिलं, "मंजूर, नोंदणी बाकी. तोपर्यंत जुनाच दर." त्यावरून लिफ्टमध्ये रोज कुणीतरी मला अडवतं.