आमची वाटचाल : लग्नाच्या शूटिंगपासून दुकानातल्या मुक्या पडद्यापर्यंत

आमचं काम बेळगावात लग्नाच्या शूटिंगवर उभं राहिलं. कॅमेरा माझ्याकडे, एडिटिंग मावसभावाकडे. ज्येष्ठ सरला की तुळशीचं लग्न लागेपर्यंत हात रिकामे. त्याच सुमारास खडेबाजार, मारुती गल्लीतल्या दुकानदारांनी काउंटरमागे टीव्ही लावायला सुरुवात केली आणि 'त्याच्यावर लावायला कायतरी करून द्या की' म्हणून लोक येऊ लागले. आता आमचा पावसाळा त्याच कामावर निघतो.

लग्नाचा व्हिडिओ लोक बसून बघतात. इथे बघणारा उभा असतो, तोही चालता चालता थांबलेला. तो सुरुवातीला येत नाही, मधेच कुठंतरी येतो आणि बहुतेक वेळा दहा-पंधरा सेकंदांत पुढे सरकतो. आवाजाचा उपयोग नाही, कारण प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलचा भोंगा चालूच असतो. दुकानात तर दिवसभर तेच संगीत ऐकून पहिल्यांदा कंटाळतो तो काउंटरवरचा माणूस, आणि तोच टीव्ही बंद करतो.

उद्यमबागेतल्या एका अवजारवाल्या मालकांचं काम सांगतो. त्यांचं यंत्र ट्रॅक्टरमागे लावून उसाच्या पाचटाची कुट्टी करतं. धारवाडच्या कृषी मेळ्यात स्टॉल घेतला होता. त्यांना हवं होतं कारखान्याचं गेट, वडिलांचा हार घातलेला फोटो, ड्रोन आणि पाच मिनिटांचं गाणं. मी विचारलं, "शेतकरी स्टॉलवर आला की पहिलं काय विचारतो?" ते म्हणाले, "किती एचपीला चालतंय, पाचट किती बारीक होतंय, खोडव्याच्या बुडख्याला लागत न्हाई न्हवं, आणि दगड आला तर काय." बस्स. चार प्रश्न, प्रत्येकाला १२ सेकंद, मिळून ४८ सेकंदांचं एक चक्र. माणूस कधीही आला तरी एका प्रश्नाचं उत्तर पूर्ण बघून जाणार. वडिलांचा फोटो स्टॉलच्या भिंतीवर लावला. तिथे तो जास्त शोभला.

आधी-नंतर दाखवण्यातही हीच अडचण असते. आधी पाचटाचं रान आणि मग साफ रान असं दाखवलं, तर मधे आलेल्याला काहीच कळत नाही. म्हणून कुट्टी झालेला पट्टा आणि न झालेला पट्टा यांच्या सीमेवर कॅमेरा ठेवला. दोन्ही एकाच चौकटीत.

मजकूर वर कन्नड, खाली मराठी. वाचणारा दोन्हीतलं एकच वाचतो, त्यामुळे वेळ दुप्पट लागत नाही. जागा मात्र दुप्पट लागते. ४३ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची साधारण ५३ सेंटिमीटर, आणि फुल एचडीत १०८० ओळी. म्हणजे एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा. तीन मीटरवरून सहज वाचायला अक्षर किमान २५ मिलिमीटर, म्हणजे ५० पिक्सेल हवं. आम्ही ८० धरतो, कारण आपल्या मात्रा वर-खाली जातात आणि कन्नडची जोडाक्षरं अक्षराच्या खाली लटकतात. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही जोडाक्षरं कधी कधी सुटी पडतात, म्हणून कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून शेवटचा व्हिडिओ वाचून घेतल्याशिवाय पेन ड्राइव्ह बाहेर जात नाही. मजकूर कडांपासून पाच टक्के आत ठेवतो, कारण बरेच टीव्ही चित्राच्या कडा कापतात.

आता सांध्याचं, म्हणजे चक्राचा शेवट पुन्हा सुरुवातीला जुळतो त्या जागेचं. शेवट काळा करून पुन्हा सुरू केलं की बघणाऱ्याला वाटतं संपलं, आणि तो निघतो. सांधा दिसूच नये यासाठी एक सोपी युक्ती आहे. १२ सेकंदांचा एकच सलग शॉट घ्यायचा, मधोमध कापायचा आणि दोन तुकड्यांची अदलाबदल करायची. आता फाइलचा शेवट आणि सुरुवात म्हणजे मूळ शॉटमधल्या लागोपाठच्या फ्रेम. तिथे झटका बसणं शक्यच नाही. खरा सांधा मध्ये आला, तो सेकंदभराच्या डिझॉल्व्हने, म्हणजे एक चित्र विरत असताना दुसरं उमटवून, झाकायचा. डिझॉल्व्ह खाणार तेवढा शॉट जास्त घेऊन ठेवायचा. पण ट्रॅक्टर दिसत असलेल्या शॉटवर हे करून बघा, डिझॉल्व्हच्या सेकंदात दोन भुताचे ट्रॅक्टर दिसतात. म्हणून आम्ही सांध्यासाठी यंत्राच्या मागून उडणाऱ्या कुट्टीचा क्लोजअप निवडला. भुसा भुशात मिसळला तर कुणाला कळणार? पाणी, धूर, गर्दी, मागावर सरकणारं कापड, सगळं याला चालतं. माणसाचा चेहरा चालत नाही.

फाइल नीट झाली तरी टीव्ही घोळ घालतो. साधा घरगुती टीव्ही पेन ड्राइव्हवरची फाइल रिपीटवर पुन्हा सुरू करताना क्षणभर काळा होतो, वर फाइलचं नाव आणि पट्टी दाखवतो. दर ४८ सेकंदांनी हे झालं तर एवढा जपलेला सांधा वाया. उपाय म्हणजे तेच चक्र ७५ वेळा जोडून तासाभराची फाइल करायची. झटका मग तासातून एकदा. त्यासाठी ffmpeg या व्हिडिओच्या प्रोग्रामला एवढी एक ओळ द्यायची :

```
ffmpeg -stream_loop 74 -i loop.mp4 -an -c copy taas.mp4
```

इथे ७४ म्हणजे पहिल्याखेरीज आणखी ७४ वेळा. `-an` ने आवाजाचा ट्रॅक निघून जातो. तो मुका असला तरी काढायचाच, कारण त्याची लांबी चित्राशी तंतोतंत जुळत नाही आणि प्रत्येक जोडावर बारीक अडखळ येऊ शकते. पुष्कळ पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये असतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. सेकंदाला ८ मेगाबिट, म्हणजे एक मेगाबाइट धरला तर तासाचे ३.६ जीबी. बसते.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये रिमोट हलला नाही तर काही तासांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. ती आधी बंद करायची. कोपऱ्यातला लोगो आम्ही कायम एका जागी ठेवत नाही. दिवसभर तेच चित्र राहिलं की पडद्यावर त्याचा डाग उरू शकतो, ओएलईडीवर तर कायमचा.

राहिली वीज. एका प्रदर्शनात जनरेटरवर बदल होताना अर्धा सेकंद लाइन गेली आणि रांगेतले सगळे टीव्ही होम स्क्रीनवर येऊन बसले. स्टॉलवरचा पोरगा गिऱ्हाइकाशी बोलणार की रिमोट शोधणार? तेव्हापासून आम्ही यूएसबीवरून आपोआप सुरू होणारा साइनेज टीव्ही भाड्याने घ्यायला सांगतो. तो नसेल तर चालू होताच प्लेअर उघडणारा अँड्रॉइड बॉक्स, आणि एवढ्या क्षणापुरता छोटा यूपीएस. मालकांनी दुसरा पर्याय घेतला. यूपीएस टेबलाखाली ठेवला आणि त्यावर लिहिलं, 'मोबाइल चार्जिंगला लावू नये'. लावलाच कुणीतरी, पण टीव्ही चालू राहिला.

अलीकडे शहापूरचे साडीवाले उभा पडदा मागतात. साडी उभी शोभते, हे खरंच आहे. पण बरेच घरगुती टीव्ही यूएसबीवरची फाइल फिरवून दाखवत नाहीत. म्हणून आम्ही १०८० बाय १९२० मध्ये एडिट करतो, शेवटी ९० अंश फिरवून आडवी फाइल काढतो आणि टीव्ही कोणत्या बाजूला कलवणार ते आधी फोनवर विचारतो. शिवाय काही टीव्हींची गरम हवा बाहेर जायची जाळी आडव्या ठेवणीसाठीच असते. उभा लावला की पाठ तापते. तसा टीव्ही असेल तर दिवसभर चालवायचं काम आम्ही घेत नाही, साडी आडव्या पडद्यावर घडी उलगडताना दाखवतो.