ठुशी, फासा आणि आमची वाटचाल

कोल्हापुरात आमचा फोटो दुरुस्तीचा व्यवसाय सुरू झाला तो काकांच्या हातावर. काका ब्रोमाइडच्या जमान्यातले रिटचर. सर्वांत बारीक ब्रश, पाण्यात कालवलेला रंग आणि भिंग, एवढ्यावर ते फोटोतल्या मोत्यांना उजेड द्यायचे. पुढे कॉम्प्युटर आला, पेन टॅब्लेट आली, पण काकांचा पहिला प्रश्न तोच राहिला: "उजेड कुठनं आलाय?"

मधली बरी वर्षं सांगत बसत नाही. आम्ही बुडायच्या बेतात आलो ते समोर नवी लॅब उघडली तेव्हा. त्यांच्याकडे तयार दागिन्यांचा संच होता. कुठलाही हार उचलायचा, गळ्यावर चिकटवायचा, तासाभरात फोटो हातात. दर आमच्या निम्म्याहून कमी. लग्नसराईत आमचे दोन्ही ऑपरेटर तिकडे गेले, आणि गिऱ्हाईक आम्हाला तोंडावर "महागडे" म्हणू लागलं. ते अजून बोचतं, कारण ज्याला ते महाग म्हणत होते ते काय आहे हे कुणी विचारलंच नाही.

विचारलं फक्त शाहूपुरीच्या मावशींनी. त्यांच्या आईचा एकच चांगला रंगीत फोटो होता, त्यात गळा मोकळा. ठुशी तेव्हा गहाण होती. पुढे ती सुटली, आता मावशींकडे आहे. ती आईच्या गळ्यात दिसावी एवढंच त्यांचं मागणं. आधी त्या समोर गेल्या होत्या. तिथे केलेला फोटो माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "ही आईची न्हवं."

मी आधी माप काढलं. मोठ्या माणसाच्या डोळ्यातलं बुबुळ आडवं साधारण पावणेबारा मिलिमीटर असतं आणि माणसामाणसांत फारसं बदलत नाही. या स्कॅनमध्ये ते ४१ पिक्सेल भरलं, म्हणजे मिलिमीटरला साडेतीन पिक्सेल. मावशींच्या ठुशीची पट्टी १४ मिलिमीटर रुंद, म्हणून फोटोत ४९ पिक्सेल. गळा डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्यापासून थोडा मागे असतो, म्हणून मी ४७ धरले. समोरच्यांची पट्टी शंभराच्या आसपास होती. एवढी रुंद ठुशी मी गुजरीत, आमच्या सराफ बाजारात, कधी पाहिली नाही.

मग फासा, म्हणजे ठुशी मानेमागे अडकवायची जागा. ठुशी टेबलावर पसरून फोटो काढला की मण्यांच्या दोन्ही टोकांची दोरी आणि गोंडा समोर दिसतात. समोरच्यांनी तेच उचलून गळ्यावर ठेवलं, म्हणून गोंडा गळपट्टीच्या हाडावर आला. खरा गोंडा मानेमागे, अंबाड्याखाली असतो. आम्ही पाण्याच्या तांब्याच्या गळ्याला अंगाच्या रंगाचं कापड गुंडाळलं, त्यावर ठुशी बांधली आणि आईच्या फोटोसारखाच डावीकडून उजेड देऊन फोटो घेतला. डावा उजेड कळला तो डोळ्यातल्या चमकेवरून आणि नाकाच्या सावलीवरून. असा फोटो असला की मानेच्या कडेकडे जाणारे मणी आपोआप अरुंद होत जातात. `Warp` ने उरलेला बाक दिला आणि कडेचे मणी मानेमागे, केसांखाली मास्कने लपवले. दागिन्याचा फोटो द्याल तेव्हा कृपा करून तो असाच द्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. आणि एका बाजूचा दागिना आरशातल्यासारखा उलटा करून बसवायला सांगू नका. नथ उजव्या नाकपुडीत गेली तर घरची माणसं लगेच ओळखतात.

सगळ्यात वेळ गेला सावलीला. ठुशी अंगाला टेकून असते, म्हणून मण्यांच्या अगदी खाली एक बारीक, गडद रेघ हवी आणि तिच्याबाहेर उजेडाच्या उलट्या दिशेला थोडी मऊ सावली. दोन्ही वेगळ्या लेयरवर, `Multiply` मध्ये. रंग काळा घ्यायचाच नाही. कातडीत शिरलेला उजेड लालसर होऊन बाहेर येतो, म्हणून अंगावरची सावली तांबूस तपकिरी असते. मी तो रंग आईच्याच हनुवटीखालून उचलला. लोंबत्या कानातल्याचं गणित वेगळं: ते मानेपासून सुटं असतं, त्याची सावली लांब पडते आणि विरते. शेवटी ठुशीवर जुन्या फोटोत दिसतो तेवढाच बारीक ठिपक्यांचा दाणा चढवला, नाहीतर मणी चेहऱ्याहून तरतरीत दिसले असते.

मावशी फोटो पाहून बराच वेळ बोलल्या नाहीत. नंतर भावकीतली निम्मी लग्नं त्यांनी आमच्याकडे आणली, आणि दुकान त्यावर तरलं.

पण पुढच्याच हंगामात तो फोटो समोरच्या काचेत लागला, नमुना म्हणून, त्यांच्या नावाने. विचारलं तर म्हणाले, ठुश्या सगळ्या सारख्याच असतात. सारख्या नसतात. मावशींच्या ठुशीत डाव्या बाजूचा एक मणी चेपलेला आहे. मी तो सरळ केला नव्हता, आणि त्यांच्या काचेतही तो चेपलेलाच आहे.