दिवाळीच्या यादीतला पत्त्याचा रकाना

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी अकाउंट्स सांभाळते. आम्ही कोरुगेटेड बॉक्स बनवतो आणि गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपन्यांना पुरवतो. दिवाळीला कोणाला काय पाठवायचं ते सेल्सवाले ठरवतात, पण माझी सही झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. २०२३ साली वसुबारसेच्या तीन-चार दिवस आधी ती यादी माझ्याकडे आली. शंभरेक नावं होती आणि सोबत निरोप होता, ‘मॅडम, आजच करून द्या, कुरिअर उद्या उचलणार आहे.’

बहुतेक ओळींत वावगं काही नव्हतं. अर्धा किलो काजूकतलीचा डबा आणि शुभेच्छापत्र, पत्ता ग्राहक कंपनीचा. असा डबा ऑफिसात पोचला की दुपारच्या चहाला उघडतो आणि संध्याकाळपर्यंत अख्खं डिपार्टमेंट तो संपवतं. कोणी पाठवला, कोणाला मिळाला, हे सगळ्यांना माहीत असतं. वर्षभर आपला माल उतरवून घेणाऱ्या, आपल्या चुका फोनवर समजुतीने सांगणाऱ्या माणसांचं तोंड दिवाळीत गोड करावं, यात मला कधी खटकलेलं नाही आणि आजही खटकत नाही.

पत्त्याच्या रकान्यात मात्र तीन ठिकाणी कंपनीऐवजी सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर होता. त्यातल्या दोन ओळी आमच्या जुन्या, निवृत्त झालेल्या सल्लागारांच्या होत्या. तिसरी ओळ आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहक कंपनीच्या खरेदी प्रमुखांची होती आणि त्यांचं नाव यादीत दोनदा होतं. एकदा ऑफिसच्या पत्त्यावर काजूकतली, एकदा घरच्या पत्त्यावर ‘व्हाउचर, ३०,०००’.

मी गेल्या वर्षीची यादी उघडली. तेव्हा त्याच गृहस्थांना फक्त मिठाईचा डबा गेला होता. दोन याद्या शेजारी ठेवल्या की माणूस तोच, सण तोच आणि रक्कम तेवढी वाढलेली. वर्षभरात बदललं होतं ते एवढंच, की क्राफ्ट पेपर महागल्यामुळे आम्ही सप्टेंबरात त्यांच्याकडे चार टक्के भाववाढ मागितली होती आणि ती फाइल याच साहेबांच्या टेबलावर होती. त्या कंपनीचं आमचं बिल महिन्याला चाळीस लाखांच्या आसपास जातं. चार टक्के म्हणजे महिन्याला एक लाख साठ हजार. तीस हजारांचा आकडा कुठून आला असेल, हे मला कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

आमचे सेल्स हेड माणूस म्हणून चांगले आहेत. पंधरा-वीस वर्षं बाजारात फिरलेले, ग्राहकांच्या घरच्या लग्नकार्याला जाणारे. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘अहो मॅडम, दिवाळी आहे. सगळेच देतात. आपण नाही दिलं तर तेच आपलं नाव काढतील.’’ मी त्यांच्याशी नीतीवर वाद घातला नाही. मला करायची होती ती नोंद मी त्यांना सांगितली.

प्राप्तिकर कायद्यात १ जुलै २०२२ पासून १९४ आर हे कलम लागू झालं होतं. धंद्याच्या संबंधातून कोणाला वर्षभरात २०,००० रुपयांच्या वर लाभ दिला, मग तो वस्तूत असो की व्हाउचरमध्ये, तर देणाऱ्याने १० टक्के टीडीएसची व्यवस्था करायची. इथे ते तीन हजार झाले असते आणि पाकीट हातात देण्याआधी तो कर भरला गेला आहे, हे मला पाहावं लागलं असतं. आता तो कापायचा कोणाच्या नावावर? हे गृहस्थ आमचे ग्राहक नाहीत, ग्राहकाचे नोकर आहेत. त्यांना आमच्याकडून काही मिळतंय ते त्या खुर्चीमुळे. नोकरीमुळे मिळालेला लाभ हा त्या संस्थेचाच धरायचा, असं प्रत्यक्ष कर मंडळाने जून २०२२ च्या परिपत्रकात रुग्णालयातल्या डॉक्टरांचं उदाहरण देऊन सांगितलं होतं. म्हणजे टीडीएस जाणार त्या कंपनीच्या पॅनवर आणि दिसणार त्यांच्या फॉर्म २६ एएसमध्ये.

‘‘त्यांचे अकाउंट्सवाले तो फॉर्म काढून एकेक आकडा जुळवतात,’’ मी म्हटलं. ‘‘आपलं नाव आणि हे कलम बघून ते विचारतील, हा लाभ आमच्यापैकी कोणाला मिळाला? आपण काय सांगायचं?’’

सेल्स हेड थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘मग दोन भाग करा. पंधरा त्यांच्या नावावर, पंधरा वहिनींच्या नावावर. भाऊबीज म्हणून टाका.’’

माझ्या लेखी निर्णय तिथेच झाला. खरं तर दोन भाग करून कायद्याने काही साधलं नसतं, कारण वीस हजारांची मर्यादा वर्षभराच्या एकूण रकमेला असते आणि बायकोच्या हातून दिलं म्हणून देण्याचं कारण बदलत नाही. पण मला त्याहून मोठी वाटली ती दुसरी गोष्ट. जी वस्तू ज्याला द्यायची त्याच्या नावावर लिहिता येत नाही, त्याच्या साहेबांपासून लपवावी लागते, ती शुभेच्छा राहिलेली नसते. रक्कम पाचशे असती तरी मी हेच म्हटलं असतं. उलट वीस हजारांच्या आत बसवलं म्हणजे भेट स्वच्छ झाली, असं समजणारे अकाउंटंट मी पाहिले आहेत आणि मला ते मुळीच पटत नाही. ती मर्यादा कर कापायची आहे. काय द्यावं आणि काय देऊ नये, हे ती सांगत नाही.

मग मी व्हेंडर रजिस्ट्रेशनची फाइल काढली. ग्राहक कंपनीने पुरवठादार म्हणून आम्हाला नोंदवून घेताना एक आचारसंहिता सही करायला दिली होती. शेवटच्या पानावर आमच्या साहेबांची सही आणि कंपनीचा शिक्का. त्यात लिहिलं होतं, की सणाची भेट हजार रुपयांच्या आतली असावी, ऑफिसच्या पत्त्यावर यावी आणि रोख रक्कम किंवा रोखीसारखं काही, म्हणजे व्हाउचर, सोन्या-चांदीचं नाणं, गिफ्ट कार्ड, चालणार नाही. मोडलं तर पुरवठादारांच्या यादीतून नाव कमी. अशी पानं नोंदणीच्या गडबडीत सह्या होऊन फाइलला लागतात आणि पुन्हा कोणी उघडत नाही. यात भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचा प्रश्न येत नव्हता, कारण खासगी कंपनीचा खरेदी प्रमुख हा काही लोकसेवक नव्हे. पण महिन्याच्या चाळीस लाखांचं काम त्या एका पानावर उभं होतं.

लोकसेवकाचा प्रश्न त्याच यादीत दुसऱ्या ओळीवर आला. आमच्या बँकेच्या शाखा व्यवस्थापकांसाठी चांदीचं नाणं लिहिलं होतं. बँक खासगी, म्हणून कोणाला काही वाटलं नव्हतं. पण आमच्या कॅश क्रेडिटचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं आणि खासगी बँकेचे अधिकारीही या कायद्यापुरते लोकसेवक ठरतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिलेला आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि व्यापारी संस्थेवर वेगळी जबाबदारी येते. एका नाण्यावरून कोणी खटला भरेलच असं नाही. गैरहेतू सिद्ध व्हावा लागतो. पण ज्याच्या सहीने आपलं कर्ज पुढे चालू राहणार आहे, त्याला त्याच महिन्यात चांदी पाठवून नंतर हेतू समजावत बसण्यापेक्षा नाणं न पाठवणं कितीतरी सोपं. तिथे मी मिठाईही काढली आणि फक्त शुभेच्छापत्र ठेवलं.

यादी परत वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि तिने मला खरंच वाईट वाटलं. ग्राहक कंपन्यांच्या स्टोअर्समधलं, गेटवरचं, माल तपासून घेणाऱ्यांपैकी एकही नाव त्यात नव्हतं. रात्री अकराला गाडी पोचली तरी जागेवर थांबून खोके उतरवून घेणारी ही माणसं. आमचा त्यांच्याशी रोजचा संबंध. यादीत होते ते फक्त भाव मंजूर करणारे, बिल पास करणारे, ऑर्डर काढणारे. आभार मानायला निघालेली यादी सहीच्या अधिकाराप्रमाणे लागलेली असेल, तर ती आभाराची नाही, हे कोणाही बाहेरच्या माणसाला एका नजरेत कळेल.

मी दोन्ही वर्षांच्या याद्या आणि आचारसंहितेचं ते पान घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सेल्स हेडनाही बोलावलं, त्यांच्या पाठीमागे हे बोलणं मला बरं वाटलं नसतं. साहेबांनी पान वाचलं, स्वतःची सही बघितली आणि आधी सेल्स हेडना विचारलं, ‘‘त्यांनी मागितलं होतं का?’’

‘‘नाही साहेब. मीच म्हटलं, बरं दिसेल.’’

हे ऐकून मला हायसं वाटलं आणि थोडा संतापही आला. त्या गृहस्थांनी काही मागितलेलंच नव्हतं. पाकीट घरी पोचलं असतं, बायकोने घेतलं असतं आणि एका सरळ माणसावर ते परत कसं करायचं याची पाळी आली असती. परत केलं तर आमच्याशी कडूपणा, ठेवून घेतलं तर आमची भाववाढ मंजूर करताना हात बांधलेले. ती वाढ रास्त होती, कागदाच्या भावाची बिलं आमच्याकडे होती. पण पाकिटानंतर तीच वाढ विकत घेतल्यासारखी दिसली असती.

साहेबांनी व्हाउचरची ओळ खोडली. भाववाढीसाठी वेगळं काम करायला सांगितलं. गेल्या सहा महिन्यांतली क्राफ्ट पेपरची खरेदी बिलं, प्रत्येक खोक्यात किती ग्रॅम कागद जातो त्याचा तक्ता आणि त्यावरून निघणारा फरक, असं सगळं खरेदी विभागाच्या आणि त्यांच्या फायनान्सच्या ईमेलवर एकदमच पाठवायचं. सेल्स हेड नाराज होते, पण तो तक्ता त्यांनीच बसून केला आणि उत्तम केला. जानेवारीत अडीच टक्के मिळाले. मागितले होते चार, पण त्यांनी कपातीची कारणं लेखी दिली आणि ती आम्हाला मान्य करावी लागली.

मिठाईचे डबे ठरल्याप्रमाणे ऑफिसच्या पत्त्यावर गेले. आणखी वीसेक डबे ग्राहकांच्या स्टोअर्स आणि गेटसाठी मागवले, कोणा एकाच्या नावाने नव्हे, त्या त्या विभागाच्या नावाने. मालावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट भेट दिलेल्या वस्तूवर घेता येत नाही, म्हणून ते मी खर्चातच धरलं.

उरली ती व्हाउचर. सेल्स हेडनी ती आधीच घेऊन ठेवली होती, दोन-दोन हजारांची पंधरा कार्डं, आणि दुकान परत घेईना. साहेबांनी ती पॅकिंग विभागातल्या पंधरा जणांना बोनसशिवाय वेगळी दिली. कर्मचाऱ्याला मालकाकडून मिळालेली भेट वर्षाला ५,००० रुपयांच्या आत असेल तर त्यावर त्याला कर लागत नसे, त्यामुळे तिथे कापायचं काही नव्हतं. मी पंधरा नावं लिहिली, प्रत्येकाची सही घेतली आणि रक्कम विक्री खर्चातून काढून कर्मचारी कल्याण खात्यात टाकली.